कागदी वस्त्राचा अर्थ

मराठी वाचकाला 'सार्थ' हा शब्द परिचयाचा आहे. सार्थ ज्ञानेश्वरी, सार्थ तुकाराम गाथा अशी नावे घराघरांतील पुस्तकांवर दिसतात. मूळ ओवी किंवा अभंग वर आणि अर्थ खाली, अशी त्यांची मांडणी असते. उर्दू कवितेतही अशा सार्थ ग्रंथांची मोठी परंपरा आहे. कवीच्या गझलांच्या संग्रहाला 'दिवान' म्हणतात आणि त्यावरील सविस्तर टीकेला 'शरह'. उर्दू लिपी न जाणणाऱ्यांसाठी देवनागरीतही असे संग्रह निघाले. अयोध्याप्रसाद गोयलीय आणि प्रकाश पंडित यांनी संपादित केलेल्या संग्रहांनी अनेक पिढ्यांना उर्दू शायरीची गोडी लावली. कवी अली सरदार जाफरी यांनी संपादित केलेला गालिबचा दिवान १९५८ साली मुंबईहून प्रसिद्ध झाला. त्यात उर्दू आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत गझला दिलेल्या आहेत.

असा एखादा संग्रह हाती घेतलेल्या नवख्या वाचकाला एक चमत्कारिक अनुभव येतो. पानाच्या तळाशी कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात. तो ते एकेक करून पाहतो, शेरातील प्रत्येक शब्द त्याला कळतो, आणि तरीही शेर कळत नाही. फूल, पिंजरा, दिवा, वीज, कात्री, कागद हे सगळे शब्द ओळखीचे असतात. परंतु कवीने ते एकत्र का आणले, याचा उलगडा होत नाही. पुष्कळ वाचक येथेच पुस्तक मिटतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. तळटीप शब्दाचा अर्थ सांगते, प्रतिमेचा सांगत नाही, आणि गझल प्रामुख्याने प्रतिमांतून बोलते.

या अडचणीवर मात करण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याची गरज नाही. चकोर पक्षी चंद्राचे किरण पिऊन जगतो, चातक केवळ मेघाच्या थेंबाची वाट पाहतो, हे आपल्या कवितेत शतकानुशतके सांगितले गेले आहे. चकोर खरोखर काय खातो, असे ज्ञानेश्वरी वाचताना कोणी विचारीत नाही. यालाच 'कविसंकेत' म्हणतात. कवी आणि वाचक यांच्यातील हा जुना करार असतो. गझलेचेही असेच करार आहेत. त्यांतील बहुतेक फारसी कवितेतून आलेले असल्यामुळे ते वेगळे शिकून घ्यावे लागतात, एवढेच.

हे संकेत सुटे नसतात. ते कुटुंबासारखे एकत्र नांदतात. बागेचे कुटुंब पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. 'गुल' म्हणजे फूल, पण गझलेत बहुधा गुलाब. 'बुलबुल' हा त्या गुलाबावर आसक्त झालेला पक्षी. गुलाब हा प्रियपात्राच्या जागी आणि बुलबुल प्रेमिकाच्या जागी असतो. गुलाबाचे उमलणे हे त्याचे हसणे मानले जाते, आणि ते हसणे क्षणभराचे असते. उमललेल्या पाकळ्या फाटलेल्या गळपट्टीसारख्या दिसतात, म्हणून तेच उमलणे वेडाचेही लक्षण ठरते. कारण प्रेमाने वेडा झालेला माणूस आपल्या अंगरख्याची गळपट्टी फाडतो, असा आणखी एक संकेत आहे. बुलबुलाचे 'आशियाँ' म्हणजे घरटे फांदीवर असते. त्यावर वीज पडते. 'सय्याद' म्हणजे पारधी येतो आणि पक्ष्याला 'कफस' म्हणजे पिंजऱ्यात टाकतो. पक्षी पिंजऱ्यात असतानाच बागेत वसंत येतो, आणि 'सबा' ही पहाटेची झुळूक त्याच्यापर्यंत बागेची वार्ता आणते.

ही एवढी कथा मनात असली, की शेरात तिचा एक तुकडा आला तरी उरलेली कथा वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. कवी फक्त विजेचा उल्लेख करतो. घरटे वाचकाने समजून घ्यायचे असते. दोन ओळींच्या शेरात एवढा मोठा आशय मावतो तो या काटकसरीमुळे.

येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी. मराठी वाचकाला बुलबुल म्हटले की अंगणातल्या झुडपावर येणारा, शेपटीखाली तांबडा ठिपका असलेला पक्षी आठवतो. फारसी कवितेतील बुलबुल तो नव्हे. तो रात्री गाणारा वेगळाच पक्षी असून इराणच्या वसंतात गुलाब फुलतात तेव्हा त्याचे गाणे ऐकू येते. दिल्ली-लखनौच्या कवींनी हा पक्षी आणि ती बाग कवितेतूनच स्वीकारली. गालिबचे शिष्य अल्ताफ हुसेन हाली यांनी १८९३ साली लिहिलेल्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या ग्रंथात वापरून गुळगुळीत झालेल्या अशा कल्पनांवर टीका केली, आणि सामान्य कवींच्या बाबतीत ती योग्यही होती. परंतु समर्थ कवीच्या हाती जुना संकेत नवा होतो. फैज अहमद फैज यांना १९५१ साली पाकिस्तानात राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली आणि १९५५ पर्यंत ते तुरुंगात होते. त्या काळातील त्यांच्या गझलांत पिंजरा, बाग आणि झुळूक हेच शब्द येतात. पण तो पिंजरा आता खराखुरा तुरुंग असतो आणि बाग म्हणजे देश. त्यासाठी कवीला एकही नवा शब्द घडवावा लागला नाही.

दिवा आणि पतंग, मद्यशाळा आणि धर्मोपदेशक, मारेकरी आणि बळी अशी आणखीही कुटुंबे आहेत. त्यांची रीत हीच. मद्यशाळेच्या कुटुंबात 'साकी' प्याला भरतो, 'शेख' उपदेश करतो आणि 'मुहतसिब' हा लोकांच्या नीतीवर लक्ष ठेवणारा अधिकारी सुरई फोडतो. मद्य हे येथे बहुधा प्रेमाच्या किंवा ईश्वरभक्तीच्या धुंदीचे नाव असते, तर शेखाच्या वाट्याला दांभिकपणा आलेला असतो. प्रियपात्राविषयी बोलताना क्रियापद पुल्लिंगी वापरण्याची रूढी आहे. तीही नवख्याला गोंधळात पाडते. या रूढीमुळे एकच शेर प्रेयसीला, राजाला किंवा ईश्वराला उद्देशून वाचता येतो, आणि कवीला ही सोय हवीच असते.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण असते, आणि ती ओळखीच्या शब्दांतून येते. मराठीत फारसी-अरबी शब्द भरपूर आहेत. त्यामुळे अर्थ ठाऊकच आहे अशा समजुतीने तो तळटीप पाहत नाही. 'शोख' म्हणजे मराठीत भडक रंगाचा. गझलेत त्याचा मुख्य अर्थ खोडकर, धीट असा आहे. 'दिमाग' या शब्दापासून मराठीचा 'दिमाख' आला. जुन्या शायरीतही तो केवळ मेंदू या अर्थाने येत नाही, गर्व किंवा मनाची तयारी असाही त्याचा अर्थ होतो. 'जिगर' म्हणजे काळीज असे म्हणून भागत नाही. ते यकृत आहे. जुन्या वैद्यकानुसार रक्त तेथे तयार होते. म्हणून सहनशक्ती संपली हे सांगताना कवी जिगराचे रक्त झाले असे म्हणतो. 'गुरबत' या शब्दाचा अर्थ आज गरिबी असा केला जातो. जुन्या गझलेत मात्र तो परदेशातील एकाकीपणा आहे.

अशी चूक झाली आहे हे ओळखावे कसे? त्यासाठी एक साधी कसोटी आहे. चांगल्या शेरात एकही शब्द बेकार बसलेला नसतो. शब्दांची एकमेकांशी नाती जुळलेली असतात. एखादा अर्थ लावल्यानंतर शेरातील एक-दोन शब्द केवळ भरतीचे वाटू लागले, तर काहीतरी निसटले आहे असे समजावे. गुरबतचा अर्थ गरिबी धरला आणि त्याच शेरात 'वतन' म्हणजे मायदेश हा शब्द आला, तर तो निराधार लोंबकळत राहतो. परदेश हा अर्थ धरला की दोन्ही शब्द समोरासमोर उभे राहतात.

या सर्व गोष्टी एका शेरावर पडताळून पाहता येतात. तो आहे गालिबच्या उर्दू दिवानातील पहिला शेर. मिर्झा असदुल्लाखान गालिब यांचा जन्म १७९७ साली आग्र्याला झाला आणि १८६९ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा उर्दू दिवान प्रथम १८४१ साली छापला गेला. तो उघडणारा प्रत्येक वाचक प्रथम या शेरापाशी येतो आणि बहुधा तेथेच अडखळतो.

शेराचा वरवरचा आशय असा आहे : चित्र कोणाविरुद्ध तरी गाऱ्हाणे मांडीत आहे; कोणाच्या खोडकर लेखणीविरुद्ध, असा प्रश्न पहिल्या ओळीत विचारला आहे. चित्रातील प्रत्येक आकृतीच्या अंगावर कागदाचे वस्त्र आहे, असे दुसरी ओळ सांगते.

तळटिपेत यांतील शब्दांचे अर्थ मिळतात. 'नक्श' म्हणजे चित्र किंवा उमटलेला ठसा. मराठीतील नक्षी आणि नकाशा हे शब्द त्याचेच नातेवाईक. 'पैरहन' म्हणजे अंगरखा. 'तहरीर' म्हणजे लिखाण, रेखाटन. 'फरियादी' तर मराठी न्यायालयातला फिर्यादीच. शब्द सगळे कळले. चित्र कागदावर काढलेले असल्यामुळे त्यातील आकृती कागद ल्यायली आहे, हेही कळले. पण मग फिर्याद कसली? कागदाचा आणि गाऱ्हाण्याचा संबंध काय? मघाची कसोटी लावली तर कागदी वस्त्र ही नुसती गंमतीदार कल्पना ठरते आणि फिर्यादी हा शब्द एकटा पडतो. याचा अर्थ काहीतरी निसटले आहे.

जे निसटले ते खुद्द गालिब यांनीच सांगितले आहे. हा शेर त्यांच्या अगदी तरुणपणचा, विशीच्या आतला. त्याचा अर्थ लोक विचारीत राहिले. अखेर सुमारे अर्धशतकानंतर, १८६५ साली, मौलवी अब्दुर्रज्जाक शाकिर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खुलासा केला. इराणात अशी प्रथा होती की न्याय मागणारा माणूस कागदाचे कपडे घालून राजापुढे जाई. जसे कोणी दिवसाढवळ्या मशाल पेटवून जावे, किंवा रक्ताने माखलेले कापड बांबूला बांधून न्यावे. या एका माहितीने शेराचे कुलूप उघडते. कागदी वस्त्र हा फिर्यादीचा गणवेश आहे. चित्रातील प्रत्येक आकृती जन्मतःच हा गणवेश घालून आलेली आहे. म्हणजे ती अस्तित्वात आली त्याच क्षणी तिची फिर्याद सुरू झाली.

फिर्याद कोणाविरुद्ध? ज्याने तिला रेखाटले त्याच्याविरुद्ध. गालिब यांच्या खुलाशाचे तात्पर्य असे, की अस्तित्व चित्राइतके आभासी असले तरी ते दुःखाचे कारण होतेच. आता 'शोख' या गुणाचा अर्थही उजळतो. चित्रकाराने खेळता खेळता, मौजेने रेघ ओढली; त्याची मौज झाली आणि चित्राच्या वाट्याला असणे आले. कागद हा टिकाऊ पदार्थ नव्हे. तो फाटतो, भिजतो, जळतो. एकाच कागदात चित्राची पार्श्वभूमी, फिर्यादीचा वेष आणि नश्वर देह अशा तीन गोष्टी एकवटल्या आहेत. शेरातील एकही शब्द आता रिकामा बसलेला नाही.

याहूनही एक थर उरतो, आणि तो शेराच्या जागेशी संबंधित आहे. दिवानातील गझलांचा क्रम त्या कधी लिहिल्या यावरून लागत नाही. ओळीच्या अखेरीस येणाऱ्या शेवटच्या अक्षरानुसार, वर्णमालेच्या क्रमाने त्या लावतात. मात्र एका अक्षराखालील गझलांपैकी कोणती आधी घ्यायची, हे ठरवण्यास वाव असतो. दिवानाचा आरंभ ईश्वरस्तुतीने करावा अशी जुनी पद्धत आहे, जसा मराठी ग्रंथाचा आरंभ नमनाने होतो. गालिब यांनी त्या मानाच्या जागी स्तुतीऐवजी निर्मात्याविरुद्धचे गाऱ्हाणे ठेवले. ही पद्धत ज्याला माहीत आहे, त्यालाच या निवडीतील धिटाई जाणवते.

एवढ्यावर वाद मिटला असता, तर शरह लिहिणाऱ्यांना काम उरले नसते. हैदराबाद येथील विद्वान नज्म तबातबाई यांनी १९०० साली गालिबच्या उर्दू दिवानावर सविस्तर शरह प्रसिद्ध केली. नवख्या वाचकाला वाटेल की टीकाकार आपल्या कवीची स्तुतीच करणार. तबातबाई यांनी पहिल्याच शेराला निरर्थक ठरवले. त्यांचे आक्षेप दोन. इराणात अशी प्रथा असल्याचे त्यांनी कधी पाहिले वा ऐकले नव्हते. आणि कवीला जो अर्थ अभिप्रेत आहे, तो सुचवणारा अस्तित्ववाचक शब्दच शेरात नाही. कवीने पत्रात सांगितले ते त्याच्या मनात असेल, शेरात नाही, असा या आक्षेपाचा रोख आहे.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे होते. फारसी कवितेत कागदी वस्त्राचा उल्लेख पूर्वीपासून आहे. चौदाव्या शतकातील हाफिज यांच्या काव्यातही तो आढळतो. प्रथा प्रत्यक्षात कितपत चालत होती, हा इतिहासाचा प्रश्न झाला. कवितेत ती संकेत म्हणून रुजली होती, एवढे गझलेला पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. गालिब यांचे पत्र बाजूला ठेवले, तर शेरातून अस्तित्वाच्या दुःखापर्यंत पोहोचण्यासाठी वाचकाला एक उडी स्वतः घ्यावी लागते. ती कवीची उणीव मानावी की सामर्थ्य, येथे टीकाकारांच्या वाटा वेगळ्या होतात. शम्सुर्रहमान फारुकी यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'तफहीम-ए-गालिब' या ग्रंथात या शेराच्या प्रश्नार्थक रचनेकडे लक्ष वेधले. विधान करणाऱ्या शेरापेक्षा प्रश्न विचारणाऱ्या शेरात अर्थाला अधिक जागा मिळते, हा त्यांचा आवडता सिद्धान्त होता.

सार्थ संग्रह वापरताना म्हणूनच एका पुस्तकावर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. संक्षिप्त अर्थ देणारा संपादक जागेअभावी एकच अर्थ निवडतो आणि तो निश्चित असल्यासारखा छापतो. या शेराखाली एखादा संपादक 'मनुष्य ईश्वराकडे तक्रार करीत आहे' असे लिहून मोकळा होतो. हे चूक नाही. पण शेरात मनुष्यही नाही आणि ईश्वरही नाही. तेथे चित्र आहे, कागद आहे आणि कोणाचे तरी खोडकर लिखाण आहे. अर्थाच्या ओळीतील जो शब्द मूळ शेरात सापडत नाही, तो संपादकाचा. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी आणि दुसऱ्या टीकाकाराने तेथे काय लिहिले आहे ते पाहावे. दोघांत जेथे मतभेद दिसतो, तीच बहुधा शेरातील जिवंत जागा असते.

आणखी एक दक्षता घ्यावी लागते. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. पहिल्या शेरात चित्राची फिर्याद आहे म्हणून दुसऱ्यात तिचा निकाल लागेल, अशी अपेक्षा धरू नये. याच गझलेच्या दुसऱ्या शेरात चित्रही नाही आणि दरबारही नाही. तेथे विरहाची एक रात्र काढणे म्हणजे डोंगर खोदून दुधाचा कालवा आणणे आहे, असे म्हटले आहे. ज्याला शीरीनसाठी डोंगर फोडणाऱ्या फरहादची कथा माहीत नाही, त्याला पुन्हा शब्द कळतील आणि शेर कळणार नाही. त्याने पुन्हा टीकेकडे वळावे. फरहाद, त्याची कुदळ, शीरीन आणि राजा खुसरो यांचे ते आणखी एक कुटुंब आहे.

पहिल्या शेरातील प्रश्न मात्र तसाच राहतो. लेखणी कोणाची, हे गालिब यांनी शेरात सांगितले नाही. पत्रात त्यांनी प्रथेचा खुलासा केला, अस्तित्वाच्या दुःखाचा उल्लेख केला. चित्रकाराचे नाव तेथेही लिहिले नाही.